बिघाड आधी सांगून येतो

गेल्या काही महिन्यांपासून एका तक्त्यानं मला अक्षरशः झपाटून टाकलंय! डावीकडे यंत्रांची नावं, मग काय तपासायचं, किती दिवसांनी तपासायचं आणि शेवटच्या रकान्यात त्याचं काय-काय कपाटात ठेवायचं, एवढाच तो तक्ता. असे तक्ते मी पूर्वी कितीतरी ऑफिसांच्या भिंतींवर पाहिले होते आणि ‘दर महिन्याला’, ‘दर तीन महिन्यांनी’ हे कुणीतरी सोयीनं ठरवलं असणार असं समजून पुढे गेलो होतो. त्या ‘किती दिवसांनी’च्या मागे एक विचार आहे, तो कागदावर मांडता येतो, आणि तो आपल्या सावली गावातल्या एका इमारतीला लावला की उत्तर नागपूर-मुंबईपेक्षा वेगळं येतं, हे कळलं तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

इमारत आमच्या घरचीच, मूल-गडचिरोली रस्त्याला लागून. खाली बँक, कापडाचं आणि औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि पॅथॉलॉजी लॅब, त्यावर मंगल कार्यालय आणि लॉजच्या खोल्या. मागच्या शेडमध्ये मुख्य पॅनल, ६२.५ केव्हीएचा जनरेटर, पाणी वर चढवणारे दोन पंप आणि आगीचा पंप. बोअरमध्ये सबमर्सिबल, एक लिफ्ट, आणि भिंतींवर बावीस एसी. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना म्हणजे ४५-४६ अंश अगदी नेहमीचे आणि त्याच महिन्यात लग्नं. ज्या दिवशी यंत्रांवर सगळ्यात जास्त भार, त्याच दिवशी ती बंद पडली तर सगळ्यात जास्त नुकसान. ही सगळी जबाबदारी माझ्याकडे आल्यावर मी कंपन्यांची मॅन्युअलं गोळा केली आणि त्यांतली सगळी कामं एका वहीत उतरवली. बेरीज केली तर महिन्याला साठ तासांच्या वर काम निघालं. आमचा इलेक्ट्रिशियन येतो आठवड्यातून एक दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम बत्तीस तास.

ती वही मी मावशीच्या यजमानांना दाखवली. काकांनी सगळी नोकरी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात, मेंटेनन्समध्ये काढली. ऊर्जानगरातलं क्वार्टर सोडून आता इकडे राहतात. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, “हे तीन महिने कुठून आणले बेटा?” मी म्हटलं, मॅन्युअलमधून. तर म्हणाले, “मॅन्युअल लिहिणाऱ्यानं तुझ्या गावची राईस मिल पाहिली काय? तारीख पाहून कायले उघडतोस? आधी हे विचार, की बिघडायच्या किती दिवस आधी हे यंत्र सांगते.”

आणि तिथून सगळं उलगडत गेलं!

बहुतेक बिघाड अचानक होत नाहीत. आधी काहीतरी बदलतं: करंट थोडा वाढतो, जोड थोडा तापतो, टाकी भरायला दहा मिनिटं जास्त लागतात. हा बदल मोजता येण्याचा पहिला क्षण आणि यंत्र प्रत्यक्ष निकामी होण्याचा क्षण, या दोहोंमध्ये जे अंतर असतं त्यावर तपासणीचा काळ ठरतो. नियम साधा आहे. त्या अंतराच्या निम्म्या काळानं एकदा तपासा. चार आठवडे आधी चाहूल लागत असेल तर दर दोन आठवड्यांनी बघा, म्हणजे चाहूल कधीही लागली तरी ती सापडल्यावर निदान दोन आठवडे हातात उरतात, आणि तेवढ्यात सामान आणून सोयीच्या दिवशी काम करता येतं. यंत्राचं वय किती, किंमत किती, मागच्या वेळी कधी बिघडलं होतं, याचा या हिशेबात संबंधच नाही. सहा महिने आधी सांगणारं जुनं यंत्र वर्षातून चारदा पाहिलं तरी चालतं आणि आठवडाभर आधी सांगणारं कोरं यंत्र आठवड्यातून दोनदा पाहावं लागतं.

हे आम्ही पहिल्यांदा लावून पाहिलं ते एसींवर. मॅन्युअल म्हणत होतं, बाहेरच्या युनिटची जाळी तीन महिन्यांनी धुवा. पण इथे नोव्हेंबरात धान कापून झालं की गिरण्या सुरू होतात आणि थंडीचे महिने हवेत तूस आणि कोंडा भरलेला असतो. तो बारीक, हलका आणि थोडा तेलकट असतो. कंडेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये शिरतो, सकाळच्या दवानं तिथेच चिकटतो आणि त्याचा नमदा तयार होतो. लांबून युनिट स्वच्छ दिसतं, पण टॉर्च तिरका धरून आत पाहिलं की पिवळट थर दिसतो. हवा जायला वाट नाही, म्हणून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून कॉम्प्रेसरला जास्त दाबावर ढकलावं लागतं, आणि हे सगळं क्लॅम्प मीटरवर दिसतं!

डिसेंबरात एक दीड टनाचा जुना एसी धुतला आणि दुपारी तीनच्या सुमारास करंट मोजला: ६.८ अँपिअर. मग दर आठवड्याला त्याच वेळी मोजत गेलो, कारण बाहेरचं तापमान बदललं की करंटही बदलतो आणि तुलना फसते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाढ दिसण्याइतकी झाली, चौथ्या आठवड्यात साडेसात, सहाव्यात ८.२. काकांनी २० टक्के वाढ ही मर्यादा धरायला सांगितली होती. त्यापुढे गेलेला एसी थंडीत चालेल, पण उन्हाळ्यात ओव्हरलोडवर बंद पडेल. म्हणजे चाहूल दुसऱ्या आठवड्यात, मर्यादा सहाव्यात, अंतर चार आठवडे आणि तपासणी दर दोन आठवड्यांनी. तपासणी म्हणजे धुणं नव्हे बरं का! करंट १० टक्क्यांच्या वर गेला असेल तरच धुवायचं. पावसाळ्यात हाच एसी तीन महिने हात न लावता चालतो. एकाच यंत्राला वर्षात दोन वेगवेगळी वेळापत्रकं, आणि ती गिरण्यांच्या हंगामावर ठरलेली! हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार?

धुताना पाणी आतून बाहेर आणि कमी दाबानं मारायचं. गाड्या धुण्याच्या मशीननं मारलं तर पत्र्या दुमडतात आणि जाळी कायमची बंद होते. इन्व्हर्टर एसीला करंटची ही कसोटी लागू पडत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर स्वतःच वेग कमी-जास्त करतो. तिथे एसी पूर्ण वेगावर असताना आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक बघायचा. तो स्वच्छ स्थितीतल्या नोंदीपेक्षा घसरत चालला की समजायचं.

आता पॅनलची गोष्ट सांगतो, ती तर माझी सगळ्यात आवडती. विजेचा जोड सैल झाला की तिथला रोध वाढतो, जोड तापतो, तापल्यानं प्रसरण पावतो, थंड झाल्यावर आणखी सैल होतो, आणि हे चक्र दररोज थोडं पुढे सरकतं. त्यामुळे चाहूल बऱ्याचदा काही महिने आधी लागते. ती पकडायला हवी ती फक्त तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. पण चमकत्या धातूवर ती गन खोटं बोलते, हे मला ठाऊक नव्हतं! तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात बाहेर फेकतात, म्हणून ८० अंशांचा जोड गनवर ४५ दाखवू शकतो. उपाय किती सोपा: वीज पूर्ण बंद करून प्रत्येक लगच्या शेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवून ठेवायचा आणि पुढे नेहमी त्या टेपवरच गन धरायची.

मोजायचं भार सगळ्यात जास्त असताना. आम्ही एका लग्नाच्या संध्याकाळी मोजलं. वरचे सगळे एसी चालू, खाली बँक नुकतीच बंद झालेली. परवानाधारक इलेक्ट्रिशियन रबरी मॅटवर उभा, दार उघडून बाहेरूनच गन धरलेली. तीन फेजचे करंट ६२, ६० आणि ६४ अँपिअर, म्हणजे जवळपास सारखे. तापमान मात्र ५७, ५९ आणि ८३! इथे ८३ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही, कारण मे महिन्यात शेडच चाळिसाच्या वर असते. शेजारच्या दोन जोडांशी तुलना केली की सगळं कळतं. सारख्या भारावरच्या सारख्या जोडांमध्ये चार-पाच अंशांचा फरक असेल तर नोंद करून लक्ष ठेवायचं, पंधराच्या वर गेला की ताबडतोब दुरुस्ती.

त्याच रात्री कार्यक्रम संपल्यावर मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं, टेस्टरनं तिन्ही फेज मेल्याची खात्री केली आणि जोड उघडला. अ‍ॅल्युमिनियमच्या केबलला अ‍ॅल्युमिनियमचा साधा लग, तो थेट तांब्याच्या बसबारवर बोल्टनं आवळलेला. लगखाली करडी पूड. दोन वेगळे धातू, त्यात पावसाळ्यातली ओल, आणि अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू दबत जातं हा त्याचा स्वभाव. केबलच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम आणि बसबारच्या बाजूला तांबं असा बायमेटॅलिक लग बसवला, टॉर्क पान्यानं आवळला आणि नट व पट्टी या दोन्हींवरून जाईल अशी लाल रंगाची एक रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते; पुढच्या वेळी पाना न लावता नुसत्या नजरेनं कळतं. नंतर तेवढ्याच भारावर तोच जोड ५८ अंशांवर होता.

मी उत्साहाच्या भरात म्हटलं, आता दर सहा महिन्यांनी सगळे बोल्ट उघडून पुन्हा आवळू. काकांनी मान हलवली. विनाकारण उघडलेलं यंत्र अनेकदा उघडल्यामुळेच बिघडतं. बोल्ट जास्त आवळला जातो, वॉशर हरवतो, पाना आत राहून जातो. आणि हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही! अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या भागांचा अभ्यास करून १९७८ साली तिथल्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यात दिसलं की ८९ टक्के भागांच्या बाबतीत ठरावीक वयानंतर झीज वाढून बिघाड वाढतो असं घडतच नाही, म्हणजे ठरावीक वयाला ते खोलून-बदलून काही फायदा नाही. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त असते ती नवं बसवल्याबरोबर. आमची इमारत काही विमान नाही, टक्केवारी जशीच्या तशी लागू होणार नाही. पण ते वाचून मी वहीतली ‘खोलून साफ करा’ या वर्गातली निम्मी कामं खोडली आणि त्यांच्या जागी ‘बंद न करता मोजा’ लिहिलं. साठ तासांचे बत्तीस व्हायला सुरुवात झाली ती इथे.

काही भाग मात्र खरोखर वयानुसार झिजतात आणि ते वेळ झाली की बदलायचेच. जनरेटरचं ऑइल आणि फिल्टर कंपनीनं दिलेल्या तासांवर किंवा वर्ष झाल्यावर, दोहोंपैकी जे आधी येईल तेव्हा. आमचा जनरेटर वर्षभरात ठरलेल्या तासांच्या आसपासही पोचत नाही, तरी ऑइल वर्षाला बदलतो, कारण ते उभ्या इंजिनातही ओल आणि आम्ल धरतं.

मग आला तो भाग, ज्यानं माझी झोप उडवली. काही यंत्रं काहीच सांगत नाहीत! आगीचा पंप वर्षभर उभा आहे. तो आज बिघडला तर कुणाला कळणार? आग लागली तरच. विजेचा धक्का जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारा ईएलसीबी, जनरेटर आपोआप सुरू करणारा रिले, यांचीही हीच गत. यांच्याकडे चाहूल नावाचा प्रकार नाही, म्हणून यांना मुद्दाम चालवूनच पाहावं लागतं. आणि किती वेळा, याचाही हिशेब आहे, फार सुंदर हिशेब!

समजा असा पंप सरासरी पाच वर्षांतून, म्हणजे ६० महिन्यांतून एकदा मुकाट्यानं बिघडतो. वर्षातून एकदाच तपासला, तर बिघाड दोन तपासण्यांच्या मध्ये कुठेतरी झालेला असणार. सरासरी सहा महिने तो बिघडलेल्या अवस्थेत तसाच उभा राहणार. साठापैकी सहा, म्हणजे गरज पडेल तेव्हा पंप बंद असण्याची शक्यता १० टक्के. दर महिन्याला तपासला तर सरासरी अर्धा महिना, साठात अर्धा, म्हणजे १ टक्क्याच्या आत. दर आठवड्याला तपासला तर हजारात दोन. कामाची दहा मिनिटं तीच, फक्त किती वेळा ते बदललं आणि धोका पन्नास पटींनी उतरला. मी हा हिशेब बँकेच्या मॅनेजरसाहेबांना कागदावर काढून दाखवला.

पण तपासायचा कसा, हेही तितकंच महत्त्वाचं. हिरवं बटण दाबून पंप सुरू केला तर फक्त मोटर चालते हे कळतं. आगीच्या वेळी बटण दाबायला कुणी नसतं. पाइपातला दाब उतरतो, प्रेशर स्विचला ते कळतं आणि पंप आपोआप सुरू होतो. म्हणून चाचणीचा व्हॉल्व उघडून दाब हळूहळू उतरू द्यायचा आणि पंप कितीवर सुरू होतो ते मीटरवर वाचायचं. व्हॉल्व परत पूर्वस्थितीत आला आणि पॅनलचा स्विच ‘ऑटो’वर आहे, या दोन गोष्टी दुसऱ्या माणसानं पाहून सही करायची. चाचणीनंतर ‘मॅन्युअल’वर राहिलेला पंप हा नसलेल्या पंपासारखाच. कायद्यानं तर हे सांगितलंच आहे: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली, तो जिथे लागू होतो तिथे, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. पण वरच्या हिशेबात सहा महिन्यांनी एकदा म्हणजे ५ टक्के. ९ जानेवारी २०२१ ला आपल्याच वैनगंगेच्या काठच्या भंडाऱ्यात, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळं गेली. त्यानंतर ‘५ टक्के’ हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही. आमची चाचणी दर आठवड्याला होते.

जनरेटरचं थोडं उलटं आहे. अनेक ठिकाणी तो दर आठवड्याला पाच मिनिटं रिकामा चालवतात आणि ‘चालतो’ असं लिहितात. रिकाम्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही. अर्धं जळलेलं काळं तेल सायलेन्सरमध्ये साचतं आणि इंजिन खराब होतं ते तपासणीमुळेच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, पण निदान ३० टक्के भारावर. आमच्या ६२.५ केव्हीएचे होतात ५० किलोवॅट, त्याचे ३० टक्के म्हणजे १५. वरच्या मजल्यावरचे नऊ-दहा एसी लावले की भागलं. आणि सुरू होताना एकच आकडा टिपायचा: स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा व्होल्टेज. उभी असताना बॅटरी मरायला टेकलेली असली तरी १२.६ दाखवते. फिरवताना मात्र तिला खरं सांगावं लागतं. आमच्या नोंदी आहेत १०.८, १०.७, १०.४, ९.९. साडेनऊच्या आसपास उतरली की पुढचा फेरा फसू शकतो, म्हणून ९.९ लाच बदलली. टिनाच्या शेडमधला आपला उन्हाळा बॅटरीला निम्म्या वयात म्हातारी करतो; बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण अर्धं होतं.

आता कपाट! सुट्या भागांचं मला वाटायचं, जे वारंवार बिघडतं ते ठेवावं. काकांनी तिथेही प्रश्न उलटा केला: चाहूल लागल्यापासून निकामी होईपर्यंत जेवढा वेळ, त्याच्या आत तो भाग इथे पोचतो का? पोचत असेल तर ठेवायची गरजच नाही. म्हणजे तपासणीचा रकाना आणि कपाटाचा रकाना एकमेकांशी बांधलेले आहेत! सावलीत बसून हा हिशेब अंतराचा होतो. मूल आणि गडचिरोली तासाभराच्या आत, तिथे एमसीबी, साधे कॉन्टॅक्टर, बेअरिंग मिळतात. चंद्रपूर साठेक किलोमीटर, अर्धा दिवस. नागपूर दीडशेच्या पुढे. सकाळी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं. आणि कंपनीच्या गोडाऊनमधून येणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं, त्यांना दोन-तीन आठवडेही लागतात.

बोअरचा पंप घ्या. तो आधी सांगतो: टाकी भरायचा वेळ वाढतो आणि मेगरवरचा इन्सुलेशनचा आकडा उतरत जातो, ५० मेगओहम, मग २०, मग ५. एकच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मात्र टाकी उशिरा भरतेय म्हणून लगेच पंप बाहेर काढू नका. मे महिन्यात बोअरचं पाणीच खाली जातं, ती पातळी मोजल्याशिवाय पंपाला दोष देता येत नाही. एवढी चाहूल असूनही आम्ही अख्खा पंप राखीव ठेवला, कारण जळालेली मोटर रिवाइंड व्हायला तीन-चार दिवस जातात आणि दवाखाना, लॉज, लग्न यांपैकी काहीच पाण्याशिवाय एक दिवस चालत नाही. राखीव उतरवायचा, काढलेला रिवाइंड करून तोच पुढचा राखीव. दोन्ही पंप आळीपाळीनं फिरत राहतात, त्यामुळे कपाटातला कधी गंजत नाही.

एसीचे कॅपॅसिटर याच्या अगदी विरुद्ध. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, गेली की एसी बंद, आणि कडक उन्हाळ्यात सगळ्या जिल्ह्याला एकदमच लागते. आमचे उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांना एक या वेगानं जातात. सामान यायला त्या दिवसांत आठवडा धरला, तर त्या आठवड्यात दोन किंवा जास्त जाण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि तीन जाण्याची दोनशेत एकदा. म्हणून कपाटात दोन उरले की लगेच मागवायचे. ‘दोन’ हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून नाही, हिशेबातून आला! मार्चमध्ये प्रत्येक एसीचा कॅपॅसिटर मीटरवर मोजतो. ५० मायक्रोफॅरडचा ४६ वर आला असेल तर उन्हाळ्याची वाट न पाहता बदलतो.

सर्ज प्रोटेक्टरची काडतुसं दोन, कारण मृगाच्या आसपास विजा कोसळतात तेव्हा खिडकीतलं हिरवं एका रात्रीत लाल होतं आणि दुसरी रात्र उघड्यावर काढायची नसते. एचआरसी फ्यूज तीनच्या संचात, कारण एक गेला की त्याच धक्क्यानं उरलेले दोन अशक्त झालेले असू शकतात. बॅटरी मात्र कपाटात अजिबात नको, ती नुसती पडूनच मरते; दुकानदाराशी बोलून ठेवलंय. रबराचे होज आणि ओ-रिंग वर्षाच्या वर साठवत नाही.

एसीची कार्डं काय करायची, यावर बराच खल झाला. बावीस एसींची नऊ मॉडेलं, नऊ प्रकारची कार्डं, सगळी ठेवली तर पैसा अडकतो आणि कुठली जाईल हे माहीत नाही. शेवटी ठरवलं की जो एसी बाद होईल त्याच्या जागी एकाच मॉडेलचा घ्यायचा. आता मॉडेलं पाच झालीत. दोन उरली की दोन कार्डांत बावीस एसी सांभाळता येतील.

लिफ्टच्या कंट्रोलर कार्डाचं अजून सुटलेलं नाही. ते आधी काही सांगत नाही, महाग आहे, कंपनीशिवाय दुसरीकडे मिळत नाही, आणि चालवून पाहण्यात अर्थ नाही कारण ते रोजच चालतं. काका म्हणतात, अशा वेळी तीनच वाटा उरतात: यंत्राची रचनाच बदलायची, बंद राहणं मान्य करून जिने सांभाळायचे, किंवा भाग दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा. आम्ही तिसरी धरली आहे. नव्या करारात ‘चार तासांत माणूस’ या ओळीखाली आणखी एक ओळ घालायला सांगितलंय: कार्ड चंद्रपूरच्या त्यांच्या दुकानात ठेवलेलं असेल, आणि ते आहे की नाही हे आम्ही दर तीन महिन्यांनी जाऊन बघू. ती ओळ कंपनीला अजून मान्य व्हायची आहे.